सट्टा फ्युचर्समधून उठून ऑप्शन्समध्ये बसतोय: रोखे व्यवहार कराबद्दल अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: फ्युचर्स आणि ऑप्शन्सवरील रोखे व्यवहार कराची आकारणी

महोदया,

स. न. वि. वि.

1 फेब्रुवारी 2026 च्या अर्थसंकल्पात आपण रोखे व्यवहार कर, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातला एसटीटी, पुन्हा वाढवलात. फ्युचर्सच्या विक्रीवर 0.02 टक्क्यांचे 0.05 टक्के झाले आणि ऑप्शन्सच्या प्रीमियमवर, म्हणजे ऑप्शनसाठी मोजलेल्या किमतीवर, 0.1 चे 0.15. रविवार असूनही त्या दिवशी बाजार उघडा ठेवला होता, त्यामुळे आपलं भाषण चालू असतानाच निर्देशांक कोसळताना सगळ्यांनी पाहिला. सट्टेबाजीला आळा घालायचा आहे, असं कारण सरकारकडून सांगितलं गेलं.

मी सांगलीत एका ब्रोकरेज कंपनीचा सब-ब्रोकर आहे. ग्राहकांनी जितके सौदे करावेत तितका माझा फायदा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना आपण ते हिशेबात धराल. पण कर जास्त आहे, बाजार मरेल, तो मागे घ्या, असं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. ते 2004 पासून गायलं जातंय आणि बाजार काही मेला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा कर ज्या रकमेवर मोजला जातो ती रक्कमच अशी निवडली आहे, की सट्टेबाज जिथे कर टोचतो तिथून उठतो आणि जिथे टोचत नाही तिथे जाऊन बसतो. आणि ती दुसरी जागा म्हणजे नेमकी तीच, जिथे छोटा माणूस सगळ्यात जास्त पैसे घालवतो.

हिशेब मांडतो. निफ्टी 25,000 वर आहे असं धरू. एका लॉटमध्ये 65 नग, म्हणजे एका लॉटचं मूल्य 16 लाख 25 हजार. कुणाला वाटलं निफ्टी वर जाईल, त्याने एक लॉट फ्युचर्स, म्हणजे आज ठरलेल्या भावाचा पुढच्या तारखेचा सौदा, घेतला आणि निफ्टी 100 अंकांनी वर गेल्यावर विकला. फायदा 6,500 रुपये. कर विक्रीवर, पूर्ण मूल्यावर: 16,31,500 चे 0.05 टक्के, म्हणजे 816 रुपये. जुन्या दराने हाच कर सव्वातीनशेच्या घरात होता. वाढ चांगलीच जाणवते, यात वाद नाही.

आता हाच माणूस फ्युचर्सऐवजी एकाच एक्स्पायरीचा, म्हणजे एकाच दिवशी मुदत संपणारा, 25,000 चा कॉल, म्हणजे त्या भावाला घेण्याचा हक्क, विकत घेतो आणि 25,000 चा पुट, म्हणजे त्या भावाला विकण्याचा हक्क, दुसऱ्याला विकतो. बाजारात मुरलेल्या कुणालाही विचारा, हे फ्युचर्सचंच दुसरं रूप आहे. निफ्टी 100 अंक वर गेला की फायदा तितकाच, खाली आला की तोटाही तितकाच. दोन्हींचा प्रीमियम 300 रुपये धरला, तर पुट विकताना कर लागतो 19,500 च्या 0.15 टक्के, म्हणजे 29 रुपये. वर गेल्यावर कॉल 350 चा झाला आणि पुट 250 वर आला, दोन्हीकडचे मिळून तेच 100 अंक, तेच 6,500 रुपये. कॉल विकताना कर 34 रुपये. पुट परत घेताना कर नाही. सगळा मिळून 63 रुपये.

जोखीम तीच, फायदा तोच. एका वाटेने गेलात तर 816 रुपये, दुसऱ्या वाटेने 63. आणि वाढ झाली ती मुख्यतः पहिल्या वाटेवर. आपल्या खात्यातल्या कुणीही हा हिशेब केला नसेल असं मला वाटत नाही. माझ्या ऑफिसात येणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांनी मात्र तो अर्थसंकल्पाच्याच संध्याकाळी केला होता.

खरं तर बहुतेक जण कॉल-पुटची ही जोडी लावतच नाहीत. त्याला मार्जिन, म्हणजे तारण म्हणून मोठी रक्कम, लागतं. ते नुसता कॉल किंवा नुसता पुट घेतात, तोही एक्स्पायरीच्या दिवशी, म्हणजे निफ्टीच्या बाबतीत मंगळवारी. त्या दिवशी सकाळी बाजारभावाजवळच्या स्ट्राइकचा, म्हणजे हक्काच्या ठरलेल्या भावाचा, ऑप्शन 100 रुपयांच्या आसपास मिळाला, तर लॉटला 6,500 रुपये पडतात. दुपारपर्यंत त्याचे दुप्पट होतात, नाहीतर साडेतीनला शून्य. गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलाची अशीच एक कॉन्ट्रॅक्ट नोट मी त्याच्यासमोर उघडली होती. त्यात दोन्ही बाजूंची दलाली 40 रुपये, तिच्यावर जीएसटी 7 रुपये 20 पैसे आणि एसटीटी साडेसहा रुपये. तो म्हणाला, "दादा, हे सगळं सोडा, स्ट्राइक चुकला एवढंच." बरोबरच होतं त्याचं. आता नव्या दराने साडेसहाचे पावणेदहा होतील. 6,500 चे 13,000 करायला निघालेल्याच्या नजरेला हे सव्वातीन रुपये दिसतसुद्धा नाहीत.

मग ते सव्वातीन रुपये कुणाला दिसतात? ज्याचं पोटच पैशांच्या फरकावर भरतं त्याला. ऑप्शनचा भाव किमान 5 पैशांनी हलतो, त्याला टिक म्हणतात. 100 रुपयांच्या प्रीमियमवर 0.05 टक्क्यांची वाढ म्हणजे बरोबर 5 पैसे. म्हणजे जो दिवसभर दोन्ही बाजूंना भाव लावून बसतो, 99.95 ला घेतो आणि 100 ला विकतो, त्याची एका फेरीतली अख्खी कमाई या एका वाढीने संपली. एकूण कर तर 15 पैसे, तीन टिका. तो काही धर्मादाय संस्था चालवत नाही. तो आपला भाव तितका रुंद करतो. विकत घेणाऱ्याला वर द्यावा लागतो, विकणाऱ्याला खाली घ्यावा लागतो. कॉन्ट्रॅक्ट नोटवर कर विकणाऱ्याच्या नावावर छापला जातो, भरतो मात्र तोच 6,500 वाला, आणि तेही त्याला न कळता. टीकाकार म्हणतात की या करामुळे तरलता घटते आणि भावातलं अंतर वाढतं. त्यांच्या बाकी बऱ्याच म्हणण्याशी मी सहमत नाही, पण हे मी स्क्रीनवर रोज बघतो.

ऑप्शनवरचा कर प्रीमियमवर का मोजतात, याचा इतिहास आपल्या खात्याच्या फायलींत आहे. तरी थोडा सांगतो, कारण त्यातच सगळी गोम आहे. 8 जुलै 2004 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी हा कर आणला. तेव्हा प्रस्ताव सरसकट 0.15 टक्क्यांचा होता. दलाल स्ट्रीटवर जॉबर आणि आर्बिट्राजवाले रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही दिवसाला शेकडो सौदे करतो, दर सौद्यात पैसा-दोन पैसे सुटतात, हा दर आमची कमाईच गिळेल. काही दिवसांतच सरकार नमलं. डिलिव्हरीवरचे 0.15 टक्के घेणारा आणि विकणारा यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले. त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्याला दर लागला 0.015 टक्के, म्हणजे दहावा हिस्सा, आणि फ्युचर्स-ऑप्शन्सला 0.01 टक्का. 1 ऑक्टोबर 2004 पासून कर लागू झाला, तो असा.

म्हणजे सट्ट्याला आळा घालणाऱ्या करात पहिल्या दिवसापासूनच सगळ्यात जड दर पडला तो शेअर घेऊन घरी ठेवणाऱ्यावर. आजही तसंच आहे. मी 5 लाखांचे शेअर डिलिव्हरीने घेतले तर 500 रुपये, विकताना आणखी 500. तेच शेअर सकाळी घेऊन दुपारी विकले तर फक्त विक्रीवर 0.025 टक्के, 125 रुपये. यावर कराची बाजू घेणारे म्हणतील की डिलिव्हरीवाला हजार रुपये दहा वर्षांतून एकदा भरतो, इंट्राडेवाला सव्वाशे रोज भरतो. वर्षाच्या अडीचशे दिवसांचे झाले एकतीस हजार. मुद्दा खरा आहे. कराचं मूळ तत्त्वच ते आहे: दर छोटा, पण जो वारंवार येतो त्याला वारंवार लागतो. पण ते तत्त्व दर सारखे ठेवले असते तर जास्त लागू पडलं असतं. दर उलटे लावून ते आपणच पातळ केलं.

ऑप्शनचं आणखी वेगळं. सुरुवातीला ऑप्शनवरचा कर स्ट्राइक आणि प्रीमियम यांच्या बेरजेवर होता, म्हणजे फ्युचर्ससारखाच जवळजवळ पूर्ण मूल्यावर. 2008 मध्ये तो फक्त प्रीमियमवर आणला गेला. तर्क चुकीचा नव्हता. 6,500 रुपयांच्या व्यवहाराला 16 लाखांवर कर लावणं खरंच जाचक होतं. पण त्या दिवसापासून फ्युचर्स आणि ऑप्शन्स यांच्यात जो उतार तयार झाला, त्यावरून सगळं पाणी एकाच बाजूला वाहू लागलं. कॉन्ट्रॅक्टच्या संख्येने नॅशनल स्टॉक एक्स्चेंज पुढे जगातला सगळ्यात मोठा डेरिव्हेटिव्ह बाजार झाला, तो ऑप्शन्समुळे. सगळं श्रेय या एका बदलाला देणार नाही. आठवड्याच्या एक्स्पायरी आल्या, मोबाइल आले, वीस रुपयांत सौदा करून देणारे ब्रोकर आले. पण उतार होताच.

त्यात एक कोपरा विसरला गेला होता. ऑप्शन विकला तर कर प्रीमियमवर, पण एक्स्पायरीला नफ्यात राहून आपोआप वापरला गेला तर 0.125 टक्के, तेही पूर्ण सेटलमेंट मूल्यावर. निफ्टी 10,000 आणि लॉट 75 चा असताना हे साडेसात लाखांवर 937 रुपये होत. ऑप्शन 5 अंकांनी नफ्यात बंद झाला तर हातात येणार 375 आणि कर 937. ज्याला ठाऊक होतं तो तीनच्या सुमारास मिळेल त्या भावाला, खऱ्या किमतीपेक्षा कमीत, विकून मोकळा व्हायचा. ज्याला ठाऊक नव्हतं तो नफा झाला म्हणून पेढे वाटायचा आणि रात्री कॉन्ट्रॅक्ट नोट बघून मला फोन करायचा. त्या वर्षांत असे फोन मी पुष्कळ घेतले. 1 सप्टेंबर 2019 पासून हा कर स्ट्राइक आणि सेटलमेंट किंमत यांच्या फरकावर मोजला जाऊ लागला, तेव्हा कुठे ते थांबले. अकरा वर्षं लागली. दर किती याहून तो कशावर मोजायचा हे किती महत्त्वाचं असतं, ते समजायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अशा कराची गाजलेली कल्पना परकीय चलनाच्या व्यवहारांसाठी होती. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी 1972 मध्ये ती मांडली. एका चलनातून दुसऱ्यात उडी मारणाऱ्या पैशावर छोटासा कर लावायचा, म्हणजे आज आला-उद्या गेला असा पैसा जरा थबकेल आणि देशांच्या मध्यवर्ती बँकांना आपलं धोरण आखायला मोकळीक मिळेल. गंमत अशी, की आपल्याकडे शेअरवर हा कर आहे, सोन्या-चांदीच्या वायद्यांवर 2013 पासून आहे, पण एक्स्चेंजवरच्या चलनाच्या फ्युचर्स-ऑप्शन्सवर नाही. तिथे सट्टा थांबवायची वेळ आली तेव्हा काय झालं? रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 मध्ये बजावलं की रुपयाच्या कॉन्ट्रॅक्टमागे परकीय चलनातली खरी देणी-घेणी असलीच पाहिजेत. मे 2024 पासून ते लागू झालं आणि एक्स्चेंजवरची चलनातली उलाढाल बघता बघता आटली. करातला एक पैसा न वाढवता. ते चांगलं झालं की वाईट, यावर वाद घालता येईल. खऱ्या निर्यातदारांनाही भाव मिळेनासे झाले अशी तक्रार आहे. पण सट्टा थांबवायचा तर सरकारी यंत्रणेला काय करता येतं, ते तिथे दिसलं.

टीकाकारांच्या हाती कायम असलेलं उदाहरण स्वीडनचं. 1984 मध्ये त्यांनी शेअरच्या खरेदीवर अर्धा आणि विक्रीवर अर्धा टक्का कर लावला आणि 1986 मध्ये तो दुप्पट केला. 1989 मध्ये कर्जरोखे आणि त्यांचे वायदेही आत घेतले. पहिल्याच आठवड्यात कर्जरोख्यांची उलाढाल 85 टक्क्यांनी पडली, त्यांच्या वायद्यांची तर 98 टक्क्यांनी. स्वीडिश शेअरच्या व्यवहारातला मोठा भाग लंडनला गेला. चढउतार कमी झाल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही. 1991 च्या अखेरीपर्यंत कर पूर्ण गेला. हे उदाहरण आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही, हे मीही मानतो. स्वीडनने देशी दलालामार्फत झालेल्या सौद्यावर कर लावला होता, म्हणून परदेशी दलालाकडे गेलं की कर सुटत होता. ब्रिटनमध्ये शेअरवरची अर्ध्या टक्क्याची स्टॅम्प ड्युटी कित्येक दशकं टिकून आहे, कारण ती ब्रिटिश कंपनीच्या शेअरला चिकटलेली आहे, सौदा कुठेही होवो. तिथे सट्टेबाजांनी वेगळी पळवाट काढली. शेअर न घेता नुसत्या भावाच्या फरकावर सौदे करायचे, त्यावर ड्युटी नाही.

आपली पळवाट मात्र आपणच बांधून दिली आहे. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत होणाऱ्या परकीय चलनातल्या सौद्यांना एसटीटी माफ आहे. जुलै 2023 पासून सिंगापूरचा निफ्टी वायदा तिथे आला आणि आता रोज सकाळी आम्ही सगळे त्याचेच आकडे बघून बाजाराचा अंदाज घेतो. परदेशी गुंतवणूकदार तिथे निफ्टीचा वायदा बिनकराचा करतो. सांगलीतल्या माणसाला तिथे जाता येत नाही, तो इथे 0.05 टक्के भरतो. परदेशातला व्यवसाय देशात आणायचा म्हणून ही सूट दिली, हे मला समजतं. पण मग इथल्या कराचं कारण सट्टा हे सांगू नका. निफ्टीवरचा सट्टा गिफ्ट सिटीत केला म्हणून पुण्यवान होत नाही.

बाजारातल्या मंडळींची खरी खदखद वेगळीच आहे, तीही सांगतो. 2004 मध्ये हा कर आला तो एका सौद्यातून. एसटीटी द्या आणि त्या बदल्यात शेअरवरचा दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर माफ. 2018 मध्ये तो कर 10 टक्क्यांनी परत आला, 2024 मध्ये साडेबारा टक्के झाला. एसटीटी जागेवरच राहिला. दुहेरी कर म्हणतात तो हा. ही नाराजी रास्त आहे असं मला वाटतं, पण तिचा सट्ट्याशी संबंध नाही. ती शब्द न पाळण्याबद्दलची आहे, तेव्हा इथे लांबवत नाही. फक्त एक बारीक गोष्ट लक्षात आणून देतो. फ्युचर्स-ऑप्शन्सचा धंदा दाखवणारा माणूस भरलेला एसटीटी खर्च म्हणून वजा करतो. शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवणाऱ्याला भांडवली नफा मोजताना तीच वजावट मिळत नाही. शिवाय आयकराच्या कायद्यात मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचे फ्युचर्स-ऑप्शन्स हे सट्ट्याचे व्यवहार धरलेच जात नाहीत, त्यातला तोटा पगार सोडून इतर उत्पन्नातून वळता करता येतो आणि उरलेला पुढे नेता येतो. एका खिडकीवर तोच धंदा सट्टा, दुसऱ्या खिडकीवर साधा व्यापार.

आणखी एक माणूस या करात विनाकारण सापडतो. आर्बिट्राज फंडात पैसे ठेवलेली निवृत्त मंडळी माझ्याकडे आहेत. फंड शेअर घेतो आणि त्याचा फ्युचर विकतो, दोन्हींतल्या भावफरकावर कमावतो. बाजार वर गेला काय, खाली गेला काय, त्याला फरक पडत नाही. सट्ट्याच्या बरोबर उलट काम आहे हे, दोन बाजारांतले भाव जुळवून ठेवणारं. दर महिन्याला त्याला जुना फ्युचर परत घेऊन पुढच्या महिन्याचा विकावा लागतो. प्रत्येक विक्रीला 0.05 टक्के, म्हणजे वर्षाला 0.6 टक्के. आधी हे 0.24 टक्के होत. सहा-साडेसहा टक्के देणाऱ्या फंडातून एक तृतीयांश टक्का आणखी जाणं, हे पेन्शनवर जगणाऱ्याला कळतं. एक्स्पायरीला खेळणाऱ्याला त्याचा कर कळत नाही.

आता सेबीच्या आकड्यांकडे येतो. सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात निघालं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी 93 टक्क्यांनी पैसे घालवले, सगळ्यांचे मिळून 1.8 लाख कोटींहून जास्त. त्यात महाराष्ट्रातले लोक सर्वाधिक होते. त्यानंतर 1 ऑक्टोबर 2024 पासून आपण ऑप्शन्सवरचा कर 0.0625 टक्क्यांवरून 0.1 टक्का केलात. त्याच सुमाराला सेबीने नियम बदलले: कॉन्ट्रॅक्टचं मूल्य वाढवलं, आठवड्याची एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरती ठेवली. बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्सचा खेळ नोव्हेंबर 2024 मध्ये संपला. 2024-25 चा पूर्ण हिशेब आला तेव्हा वैयक्तिक लोकांचा निव्वळ तोटा 1.05 लाख कोटी होता, आदल्या वर्षीपेक्षा 41 टक्के जास्त. तोट्यात गेलेले 91 टक्के. वर्षाच्या शेवटी शेवटी खेळणाऱ्यांची संख्या मात्र घटली. यातलं किती कराने आणि किती नियमाने, हे दोन्ही एकाच वेळी झाल्यामुळे कुणालाच नीट वेगळं काढता येणार नाही. मला माझ्या ऑफिसातलं दिसलं ते सांगतो. कर वाढला त्या आठवड्यात एकानेही सौदे कमी केले नाहीत. बुधवारचा बँक निफ्टी बंद झाला, तेव्हा दोन-तीन जणांची खाती आपोआप शांत झाली.

आणि कर सट्टा कमी करण्यासाठी आहे असं म्हणताना 2025-26 च्या अर्थसंकल्पात याच करातून 78 हजार कोटी येतील असा अंदाज धरला होता. सट्टा कमी होणार असेल तर ही रक्कम घटायला हवी. ती वाढेल असं धरून तिजोरीचा ताळेबंद जमवायचा, तर मग सरकारलाही मंगळवारच्या एक्स्पायरीला गर्दी हवीच आहे. राज्यातल्या उत्पादन शुल्क खात्याचं दारूशी जे नातं, तेच इथे दिसू लागतं. पैसा हवा म्हणून कर लावलात तरी माझी हरकत नाही. तसं स्पष्ट सांगा, म्हणजे सट्ट्याचा बंदोबस्त झाला अशी कुणाची समजूत होणार नाही.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. पहिली, फ्युचर्सवरचा दर पुन्हा 0.02 टक्क्यांवर आणा. फ्युचर्समध्ये लाख-दोन लाखांचं मार्जिन भरावं लागतं, तिथे सहा हजार घेऊन आलेला मुलगा नसतो. दुसरी, ऑप्शन्सवर प्रीमियमबरोबरच पूर्ण मूल्यावरही एक अगदी छोटा भाग ठेवा, निदान एक्स्पायरीच्या दिवसापुरता. समजा 0.002 टक्के. 16 लाख 25 हजारांवर ते होतात साडेबत्तीस रुपये. 100 रुपयांच्या ऑप्शनला हे अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडेल. पण दुपारी दोनला 2 रुपयांना मिळणाऱ्या, 130 रुपयांच्या लॉटला तोच कर पंचवीस टक्के होईल. लॉटरीच्या तिकिटासारखे घेतले जातात ते हेच ऑप्शन, आणि आजच्या पद्धतीत त्यांच्यावरचा कर 20 पैसे आहे. यावर आक्षेप येईल की स्वस्त पुट घेऊन आपले शेअर सुरक्षित करणाऱ्यालाही हे लागेल. लागेल. पण 16 लाखांच्या शेअरना कवच घ्यायला साडेबत्तीस रुपये कुणी नाकारणार नाही, आणि तसं कवच कुणी एक्स्पायरीच्या दुपारी घेतही नाही. दोन्ही बाजूंना भाव लावणाऱ्यांना यातून सूट द्या, फ्रान्सने आपल्या करात तशी सूट दिली आहे. पण ती सूट नोंदणी करून, भाव किती वेळ आणि किती अंतरात लावले याच्या अटीवर द्या, नाहीतर उद्या सगळेच मार्केट मेकर होतील.

तिसरी, डिलिव्हरीवरचा दर शेअर घेताना तरी निम्मा करा, आणि भांडवली नफा मोजताना भरलेल्या एसटीटीची वजावट गुंतवणूकदारालाही द्या. त्यातून तिजोरीत जी तूट येईल ती इंट्राडेचा दर वाढवून काही प्रमाणात भरता येईल. ब्रोकर असून मी हे सुचवतोय याची नोंद घ्यावी. आमच्या संघटनेत हे वाचून काही जण माझ्याशी बोलायचे थांबतील.

आणि चौथी. पुढच्या वेळी हा दर बदलण्याआधी महसूल विभागाने फ्युचर्स, ऑप्शन्स, इंट्राडे आणि डिलिव्हरी या चारही प्रकारांतून या कराची किती रक्कम येते, आणि ती व्यक्ती, संस्था व स्वतःच्या पैशाने सौदे करणारे प्रोप्रायटरी ट्रेडर यांच्यात कशी विभागली जाते, याचा तक्ता अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत जोडावा. हा कर एक्स्चेंज स्वतः गोळा करून सरकारला भरतं आणि प्रत्येक सौद्याची नोंद त्याच्याकडे असते, त्यामुळे माहिती मिळायला अडचण नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
सांगलीतील एक सब-ब्रोकर